राउटर रिस्टार्ट केला आणि खरा दोष लपला

मी घरोघरी जाऊन टीव्ही, वायफाय वगैरे बसवण्याचं, दुरुस्तीचं काम करतो. बरीच वर्षं झाली आता. त्यातला एक दिवस लिहून ठेवतोय कारण त्या दिवशी सकाळी मी काम झालं म्हणून घरातून बाहेर पडलो आणि दुपारी त्याच घरातून परत फोन आला.

एक मॅडम घरीच भूमितीचे क्लास घेतात. मोबाईलवर पेनने आकृती काढायची आणि ती समोरच्या मोठ्या टीव्हीवर दिसायची, म्हणजे स्क्रीन मिररिंग. पण पेन पुढे आणि टीव्ही मागे, त्या म्हणायच्या "हा कोन बघा" आणि मुलांना तो कोन दिसायचा दोन सेकंदांनी, तोवर त्या पुढच्या रेषेवर गेलेल्या असायच्या. आवाजही मधेच तुटायचा. आधी कुणीतरी त्यांना इंटरनेटचा प्लॅन वाढवायला सांगितलं होतं, तो वाढवून झाला, काही फरक नाही. आणि पडणारही नव्हता, कारण मिररिंगचं चित्र इंटरनेटवर जातच नाही, ते मोबाईलमधून टीव्हीत घरातल्या घरातच जातं. मॅडमचं म्हणणं होतं की टीव्हीवर व्हिडिओ तर छान चालतात, मग टीव्ही खराब कसा. बरोबर आहे, व्हिडिओ अॅपमधून टीव्हीवर टाकला की टीव्ही तो स्वतः नेटवरून ओढतो आणि पुढचा थोडा भाग साठवून ठेवतो. मिररिंगमध्ये साठवायला काही नसतंच, आत्ता काढलेली रेष आत्ताच पोचायला हवी.

मी आधी उशीर मोजला. पद्धत सोपी आहे, मोबाईलवर स्टॉपवॉच चालू करायचं, ते मिरर होऊ द्यायचं आणि दुसऱ्या मोबाईलने दोन्ही स्क्रीन एकाच फोटोत घ्यायचे. दोन आकड्यांतला फरक म्हणजे उशीर. पाच फोटो काढले, सगळ्यात कमी 0.6 सेकंद आणि सगळ्यात जास्त 2.1. एवढा वरखाली होणारा आकडा दिसला की मी टीव्ही किंवा मोबाईल स्लो आहे हा विचार बाजूला ठेवतो, कारण स्लो मशीन साधारण सारखंच स्लो असतं. वरखाली होतं ते हवेतलं, म्हणजे वायफायचं.

मग मॅडमचा मुलगा म्हणाला, "काका, माझ्या फोनवरून बघा ना, अजिबात अडकत नाही." खरंच, त्याच्या फोनवरून 0.3. मॅडमना वाटलं आपलाच फोन गेला. पण त्यांच्या फोनमध्ये काही बिघाड नव्हता.

आता इथे थोडं सविस्तर सांगतो. या टीव्हीचं मिररिंग वायफाय डायरेक्टवर चालतं, म्हणजे मोबाईल आणि टीव्ही राउटरला मधे न घेता आपापसात थेट जोडले जातात. लोकांना वाटतं की मग राउटरचा संबंधच काय. पण मोबाईल त्याच वेळी राउटरलाही जोडलेला असतो आणि टीव्हीपण. राउटर 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर, म्हणजे बँडवर, बोलतो आणि प्रत्येक बँडमध्ये क्रमांक दिलेली चॅनलं असतात. त्या घरात मोबाईल राउटरच्या 5 गिगाहर्ट्झवर होता आणि टीव्ही 2.4 वर, चॅनल 11 ला. राउटरने दोन्ही बँडना एकच नाव दिलं होतं त्यामुळे कोण कुठे बसलंय ते कुणालाच कळत नव्हतं. टीव्ही 11 वर म्हणून डायरेक्ट लिंकही 11 वरच तयार झाली. मॅडमच्या फोनचा वायफाय रेडिओ एका वेळी एकाच चॅनलवर बसू शकतो, त्यामुळे तो क्षणभर राउटरकडे, क्षणभर टीव्हीकडे अशा सतत उड्या मारत होता, आणि तो राउटरकडे गेलेला असताना टीव्हीचं चित्र थांबायचं. मुलाचा फोन दोन्ही बँडवर एकाच वेळी बोलू शकणाऱ्या जातीचा, त्याला उड्या माराव्याच लागत नव्हत्या. फरक एवढाच.

हे बघायला मी वायफाय अॅनालायझर अॅप वापरतो, दुसऱ्या फोनवर. मिररिंग चालू असताना यादीत `DIRECT-` ने सुरू होणारं एक नाव दिसतं, तीच टीव्हीची थेट लिंक, आणि तिच्यापुढे चॅनल लिहिलेलं असतं. राउटरचं चॅनल आणि हे चॅनल एक आहे का एवढंच बघायचं.

मी राउटरमध्ये दोन बँडना वेगवेगळी नावं दिली, टीव्ही आणि मोबाईल दोघांनाही 5 वाल्या नावावर आणलं, राउटर रिस्टार्ट केला. परत फोटो काढले, 0.25 च्या आसपास, मस्त. मॅडमनी एक वर्तुळ काढून बघितलं, चेहरा खुलला त्यांचा. मी निघालो.

दुपारी चारच्या सुमारास फोन. "दादा, परत तेच होतंय, उलट सकाळपेक्षा जास्तच. आणि आता मुलाच्या फोनवरूनसुद्धा अडकतंय. साडेपाचला मुलं येतील." मला वाईट वाटलं कारण मी त्यांना छातीठोकपणे सांगितलं होतं की आता होणार नाही. हातातलं काम संपवून तसाच गेलो.

गेल्या गेल्या आधी अॅनालायझर उघडला. सकाळी रिस्टार्टनंतर राउटरचं 5 गिगाहर्ट्झ चॅनल 36 वर होतं, आता ते 100 वर होतं. सेटिंग `Auto` वर होतं, राउटरला 36 वर गर्दी वाटली म्हणून तो स्वतःच सरकला. आणि `DIRECT-` वाली लिंक? ती 2.4 वर, चॅनल 6 ला जाऊन बसलेली. मोबाईल आणि टीव्ही दोघेही राउटरच्या 100 वर असताना थेट लिंक तिसरीकडेच का गेली, तर 52 ते 144 मधली चॅनलं रडारसोबत वाटून घ्यायची असतात. त्यांवर नेटवर्क सुरू करणाऱ्याने आधी निदान 60 सेकंद नुसतं ऐकायचं आणि नंतरही रडार ऐकू आलं की जागा सोडायची असा नियम आहे. राउटर हे सगळं करतो. मोबाईल आणि टीव्ही बहुतेक वेळा करत नाहीत, म्हणून ते तिथे स्वतःची थेट लिंक उघडतच नाहीत आणि दुसरं मोकळं चॅनल धरतात. सकाळी फक्त मोबाईल उड्या मारत होता, आता मोबाईल आणि टीव्ही दोघेही मारत होते. मुलाचा फोन दोन्हीकडे बोलू शकत असला तरी टीव्हीला ते जमत नव्हतं, म्हणून आता त्याचाही उपयोग नाही.

अंदाजावर थांबायचं नव्हतं, सकाळी तेच केलं होतं मी. म्हणून एकेक तोडून बघितलं. मॅडमचा फोन राउटरवरून काढला पण वायफाय चालूच ठेवलं (वायफाय बंद केलं तर मिररिंगच बंद पडतं, इथे लोक फसतात), उशीर थोडा कमी झाला पण झटके राहिले. मग टीव्हीलाही राउटरवरून काढलं आणि चित्र एकदम गुळगुळीत, तेही 2.4 वर असताना. म्हणजे त्या खोलीत 2.4 ची गर्दी हा मुख्य दोष नव्हताच, दोन ठिकाणी एकाच वेळी हजेरी लावायला लागणं हा दोष होता. कुणाला राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायचंच नसेल तर क्लासपुरतं दोघांना राउटरवरून काढणं हा उपाय चालतो, फक्त तेवढा वेळ टीव्हीला नेट नाही आणि मोबाईल सिमकार्डाच्या डेटावर.

मग राउटरचं 5 गिगाहर्ट्झ चॅनल `Auto` वरून काढून 36 ला पक्कं केलं. चॅनलची रुंदी 80 मेगाहर्ट्झवर ठेवली, 160 नाही, कारण 36 पासून 160 घेतलं की ते 64 पर्यंत पसरतं आणि परत रडारवाला भाग आलाच. मिररिंग बंद करून नव्याने जोडलं, कारण जुनी लिंक असेल त्याच चॅनलवर राहते. आता `DIRECT-` पण 36 वर. फोटो काढला, 0.3, पण अधूनमधून एखादा झटका येतच होता, सातआठ सेकंदांनी एक असा.

इथे राउटरचं अंतर आडवं आलं. राउटर बाहेरच्या खोलीत, लाकडी कपाटाच्या आत, मधे दोन भिंती. क्लासच्या खोलीत 5 गिगाहर्ट्झचा सिग्नल -76 dBm, म्हणजे कमजोर, हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. आता म्हणाल मोबाईल आणि टीव्हीत तर दोन मीटरचं अंतर आहे, ते थेट बोलतायत, मग राउटर लांब असला तर काय बिघडलं? बिघडतं, कारण आता तिघेही एकाच चॅनलवर आहेत आणि एका वेळी एकच जण बोलू शकतो. सिग्नल कमजोर असला की मोबाईल राउटरशी अगदी हळू वेगाने बोलतो, तेवढाच डेटा पोचवायला कितीतरी जास्त वेळ चॅनल अडवून ठेवतो, आणि चित्राला वाट बघावी लागते. मॅडमच्या फोनमधून तेव्हा फोटोंचा बॅकअप वर जात होता. तो थांबवला तर झटके थांबले, परत चालू केला तर परत आले. दोनदा करून बघितलं.

बॅकअप बंद ठेवा असं सांगून निघता आलं असतं पण ते रोज कोण लक्षात ठेवणार. राउटरची वायर कपाटामागे बरीच गुंडाळलेली होती, ती सोडवून राउटर पॅसेजच्या भिंतीवर वर लावला, सिग्नल -60 वर आला. तिथून टीव्हीपर्यंत माझ्याकडची लॅनची केबल पुरली म्हणून टीव्हीला केबलवर घेतलं, म्हणजे टीव्हीचा रेडिओ राउटरच्या भानगडीतून पूर्ण मोकळा. हा टीव्ही केबल लावल्यावरही वायफाय डायरेक्ट चालू ठेवतो, काही टीव्ही नाही ठेवत, त्यामुळे केबल ओढायच्या आधी ते तपासून घेतलं होतं. शेवटी टीव्हीचा गेम मोड लावला, चित्र सुंदर करायला टीव्ही जो वेळ खातो तो वाचतो.

मॅडमना हेही सांगितलं की शून्य कधीच होणार नाही. मोबाईल प्रत्येक चित्र दाबून लहान करतो, टीव्ही ते परत उलगडतो, त्यात वेळ जाणारच. उशीर जवळपास शून्य हवा असेल तर मोबाईलमधून एचडीएमआय केबल, तीही फोनला ती सोय असेल तरच, आणि त्यांच्या फोनला नव्हती.

साडेपाचला मुलं आली तेव्हा मी दाराजवळ उभा होतो. बॅकअप मुद्दाम चालू ठेवायला सांगितला होता. शेवटचा फोटो काढला, मोबाईलवर 41.62 आणि टीव्हीवर 41.44. मॅडमनी त्रिकोण काढला, "हा कोन बघा" म्हणाल्या आणि मुलं त्याच कोनाकडे बघत होती. यावेळी मी लगेच निघालो नाही, क्लास संपेपर्यंत थांबलो आणि जाताना चॅनल परत बघितलं. 36.