सोळा तासांचा उपवास आणि साखरेची तपासणी : माझा अनुभव

गेल्या वर्षी माझी उपाशीपोटीची साखर 112 आणि मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी 6.0 आल्यावर डॉक्टरांनी ही मधुमेहपूर्व अवस्था असल्याचे सांगितले. औषध काहीच नव्हते. त्यांच्या संमतीने मी दुपारी 12 ते रात्री 8 या वेळेतच जेवायचे ठरवले आणि घरी ग्लुकोमीटर आणला.

माझी पहिली चूक अशी झाली की, उपवास दुपारी 12 वाजता सुटतो म्हणून उपाशीपोटीची तपासणीही मी पावणेबाराला करू लागलो. आकडे 94, 97 असे येत आणि साखर आटोक्यात आली असे मला वाटे. डॉक्टरांनी वही पाहिली आणि एका आठवड्यासाठी सकाळी 7 वाजताही मोजायला सांगितले. तेव्हा आकडे 108 ते 113 निघाले. मधुमेहपूर्व अवस्थेची 100 ते 125 ही मर्यादा सकाळी, किमान 8 तासांच्या उपवासानंतर घेतलेल्या रक्तासाठी ठरवलेली आहे. पहाटे संप्रेरकांच्या प्रभावाने यकृत रक्तात साखर सोडते आणि दुपारपर्यंत तो जोर बहुधा ओसरतो, त्यामुळे पावणेबाराचा आकडा खरा असला तरी त्या मर्यादेशी ताडून पाहण्याजोगा नव्हता. रात्री 8 ला जेवण संपले की सकाळी 7 पर्यंत 11 तास होतातच, म्हणून उपवास कितीही तासांचा असला तरी ही तपासणी सकाळीच करायची, एवढे मी पक्के केले.

जेवणानंतरच्या तपासणीची वेळ मात्र खरोखर बदलावी लागली. नाश्ताच नसल्याने दुपारचे जेवण हेच दिवसाचे पहिले अन्न, आणि नाश्ता चुकवल्यावर त्याच जेवणानंतर साखर अधिक चढू शकते. पहिल्या घासापासून दोन तास मोजायचे असतात, जेवण संपल्यापासून नव्हे. मी आधी हेही चुकवत होतो. बारा वाजता भात, आमटी आणि दोन पोळ्या खाल्ल्यावर दोन वाजता 171 आले, तर तेवढ्याच रात्रीच्या जेवणानंतर 146. भात अर्धा करून आधी उसळ आणि कोशिंबीर खाऊ लागल्यावर दुपारचा आकडा 150 च्या आसपास स्थिरावला. (हात साबणाने धुऊन कोरडे केल्याखेरीज बोट टोचू नये, आंब्याच्या फोडीचा रस बोटाला असताना एकदा मला भलताच आकडा मिळाला होता.)

पुढे 75 ग्रॅम ग्लुकोजची चाचणी ठरली, तेव्हा डॉक्टरांनी आधीचे तीन दिवस उपवास थांबवून नेहमीसारखे, दिवसाला किमान 150 ग्रॅम कर्बोदके मिळतील असे जेवायला सांगितले, कारण कर्बोदके फार कमी झाली तर शरीर एकदम आलेले ग्लुकोज नीट हाताळत नाही आणि निकाल उगाच वाईट दिसू शकतो. एचबीएवनसीला अशी कोणतीच तयारी लागत नाही, तिला जेवणाच्या वेळेशी देणेघेणे नाही. ती मी तीन महिन्यांनी केली आणि 5.8 आली, सकाळचा आकडा तेव्हाही 106 होता.