पावसाळी हरिश्चंद्रगड : कोकणकड्यावरचे धुरकट फोटो आणि फोनची लेन्स

पाचनई गावातून हरिश्चंद्रगडावर जाणारी वाट सोपी आहे, तिच्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. पावसाळी ट्रेकची सवय असेल तर दोन-अडीच तासांत गडावरच्या मंदिराशी पोचता. कड्याखालून जाताना अंगावर धबधबे येतात, दगड शेवाळलेले असतात, बूट चांगले घाला. खरा त्रास मंदिर ते कोकणकडा या पठारावर होतो. धुकं, आडवा पाऊस, आणि फोनचा कॅमेरा फोकससाठी पुढे-मागे करत बसलेला. खाली उतरल्यावर अर्धे फोटो दुधाळ निघतात आणि सगळे म्हणतात, 'धुकं होतं ना!' धुकं होतंच, पण बहुतेक फोटो त्याने बिघडलेले नसतात.

सुरुवात गाडीतच होते. पुण्याहून आळेफाटा, ब्राह्मणवाडा, कोतूळमार्गे पाचनईला येईपर्यंत एसी चालू असतो आणि फोन डॅशबोर्डवर, थेट गार हवेच्या झोतात. दार उघडलं की बाहेर २५ अंश आणि ओलावा ९० टक्क्यांच्या वर. अशा हवेत काच बाहेरच्यापेक्षा दोन अंशांनी गार असली तरी तिच्यावर दव धरतं. ते पुसलं की पाच सेकंदांत परत येतं, कारण काच अजून गारच असते. पुसत बसू नका, त्याने बोटांचं तेल पसरतं आणि पुढचं सगळं आणखी धूसर दिसतं. कोतूळ सोडलं की एसी बंद करून खिडक्या उघडा. मोठा कॅमेरा असेल तर तो बॅगेची चेन न उघडता तसाच अर्धा तास राहू द्या, आपोआप बाहेरच्या तापमानाला येतो.

आता पाऊच. शहरात शंभर-दीडशेला मिळणारा प्लास्टिकचा पाऊच वाटेवरच्या टपरीवर साडेतीनशेला गळ्यात मारला गेला, वर 'यातून फोटो एकदम क्लिअर येतात' हे आश्वासन. येत नाहीत. आत कोंडलेली दमट हवा फोनने तापते, बाहेरून पाऊस प्लास्टिक गार करतो, आणि आतल्या बाजूला दव जमतं. वर प्लास्टिकच्या सुरकुत्या. काही फोनमध्ये अंतर मोजायला लेन्सशेजारी लेझरचा बारीक सेन्सर असतो. त्याचा किरण प्लास्टिकवरूनच परत येतो, म्हणून कॅमेऱ्याला वाटतं की समोरची वस्तू चार बोटांवर आहे. फोकस तिथे जातो, काही सापडत नाही, परत मागे येतो. पाऊच फोन कोरडा ठेवायला ठीक, फोटो काढायला बाद.

कड्यावर पोचल्यावर आधी एक चाचणी करा. फोन पाऊचमधून काढून हातभर अंतरावरच्या छापील अक्षरांवर धरा, बिस्किटाच्या पुड्याची मागची बाजू चालते. अक्षरं झटकन स्पष्ट झाली आणि फोटोही स्वच्छ आला, तर कॅमेरा ठणठणीत आहे. मग समोर दिसतंय ते नुसतं पांढरं धुकं, आणि फोकसला पकडायला कडा किंवा उजेड-सावलीचा फरक लागतो, तो धुक्यात नसतोच. अशा वेळी दहा-पंधरा पावलांवरच्या खडकाच्या कडेवर बोट दाबून धरा, फोकस लॉक होतो, मग फोन फिरवून दरीचा फोटो घ्या. (कड्याच्या टोकावर उभं राहून हे करू नका. कडा आत वळलेला आहे, पायाखाली काय आहे ते वरून दिसत नाही.)

अक्षरंही दुधाळ दिसली तर १x वरून ०.५x वर जा. फक्त एकच लेन्स खराब दिसत असेल तर दोष त्या एका काचेवर आहे. कोणती लेन्स चालू आहे ते एकेक लेन्स बोटाने झाकून पाहा, कारण अंधारात किंवा जवळून फोन गुपचूप दुसऱ्या लेन्सवर जातो आणि आपण भलतीच काच पुसत बसतो.

मग दुसऱ्या फोनचा टॉर्च लेन्सवर तिरका मारा. ग्रुपमधल्या एका फोनवर यात मधोमध वाटाण्याएवढा ढग दिसला, पुसून जराही हलेना. उतरल्यावर दुकानदार म्हणाला, 'आत पाणी गेलंय, कॅमेराच बदलावा लागेल.' साफ खोटं. लेन्सवर आदल्या आठवड्यात चिकटवलेली जादा संरक्षक काच होती, आणि दव तिच्या व खऱ्या काचेच्या मधल्या फटीत अडकलं होतं. शिवाय त्या काचेवरची पातळ फिल्म काढलेलीच नव्हती. ओळखायची खूण सोपी: नख लेन्सच्या कडेवरून फिरवा, कुठे अडकलं की वर काहीतरी चिकटवलेलं आहे. टॉर्चमध्ये बुडबुडा किंवा कोपऱ्याची उठलेली रेघ दिसते. रात्री दिव्यांभोवती मोठी वलयं येत असतील तरी हाच संशय घ्या. नव्या फोनवर कंपनीची पारदर्शक फिल्मही अशीच महिनोन्‌महिने राहून जाते.

काढताना अंगठा अर्धा मिनिट दाबून ती काच कोमट करा, गोंद सैल होतो. मग नखाने किंवा जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कोपऱ्याने कडेने उचला. ब्लेड, चाकू, सेफ्टी पिन नको. उरलेला चिकटा सेलोटेपच्या तुकड्याने टिपून घ्या, खरवडू नका. पावसाळ्यात ही जादा काच परत लावू नका, असा स्पष्ट सल्ला.

वर काहीच चिकटवलेलं नसेल आणि ढग तरीही आत असेल, तर ओलावा खरंच आत आहे. फोन बंद करा, कव्हर आणि सिमचा ट्रे काढा, चार्जिंगला लावू नका. हवाबंद डब्यात ५० ग्रॅम सिलिका जेलसोबत एक-दोन दिवस ठेवा. तांदळात ठेवू नका, त्याचं पीठ चार्जिंगच्या भोकात जातं. चूल, लायटर, हेअर ड्रायर यांनी गोंद आणि सील सुटतात. दोन दिवसांनीही ढग तसाच असेल किंवा पाण्याची रेघ दिसत असेल, तरच दुरुस्तीचं दुकान गाठा.

पुसण्याचा क्रम चुकला की ओरखडे कायमचे. वाटेवरची माती बारीक आणि खरखरीत असते, ती तशीच चोळली तर लेन्सचा लेप जातो. आधी रबरी ब्लोअरने दोन-चार फुंकर, तोंडाने नाही, थुंकी उडते. मग मऊ ब्रश. त्यानंतर कोरडं मायक्रोफायबर कापड मधून बाहेर गोल फिरवत, दाब न देता. तेलकट डाग राहिला तर लेन्स क्लीनरचा एकच थेंब, तोही कापडावर, लेन्सवर नाही. रेनकोटची बाही, टिश्यू, घामाचा रुमाल, काच पुसायचा स्प्रे, टूथपेस्ट, सगळं बाद. कापड झिप पिशवीत कोरडं ठेवा. एक ओलं झालं की उपयोग संपला, म्हणून दोन न्या.

बाहेर सरकणाऱ्या झूम लेन्सचा मोठा कॅमेरा नेणाऱ्यांनी पठारावर झूम सारखी आत-बाहेर करू नये. प्रत्येक वेळी ती दमट हवा आत ओढते. लेन्स बदलायची असेल तर मंदिराच्या आडोशाला, अंग आणि हात पुसून. केदारेश्वराच्या गुहेत कमरेएवढं बर्फगार पाणी आहे, तिथे फोन गळ्यात अडकवून उतरू नका, कोरड्या माणसाच्या हातात द्या.

बाईकने येणाऱ्यांसाठी एक: फोन हँडलच्या होल्डरला लावून आणू नका. इंजिनाच्या थरथरीने लेन्स स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते. मग स्वच्छ काच, कोरडी हवा आणि भर उन्हातही फोकस थरथरतच राहतो, त्यावर कापड चालत नाही.