त्याला आराम, मला कळसूबाई

गुरुवार, रात्री

जानेवारीतल्या सुट्टीचं आज ठरलं: भंडारदरा, तीन रात्री, एकच मुक्काम.

मिलिंदला सुट्टीत पडून राहायचं असतं, मला चढायचं असतं. म्हणून आज जागेचं नाव काढण्याआधी एकमेकांना एवढंच विचारलं, काय नसलं तर सुट्टी वाया गेल्यासारखी वाटेल? तो म्हणाला, "रोज बॅग भरायला लावू नकोस आणि गजर नको." म्हणजे त्याला माझ्या डोंगराचा त्रास नव्हताच, त्रास होता तो रोज नवं हॉटेल आणि पहाटेच्या धावपळीचा. हे कळल्यावर पुढचं सोपं झालं. मी एक पुरा चढ मागितला.

रतनगड आणि सांदण दरी मी स्वतःच काढून टाकले. दोन्हींना अख्खा दिवस जातो, मी संध्याकाळी अर्धमेली परतणार आणि तो दिवसभर एकटा. कळसूबाई मात्र दुपारच्या आत होते. राज्यातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर, पण पायथ्याचं बारी गाव भंडारदऱ्याहून जवळ. पहाटे साडेपाचला चढायला लागले तर साडेआठच्या सुमारास देवीच्या देवळाशी, अकरा-साडेअकरापर्यंत खाली. जेवायला दोघं एकत्र.

"अर्ध्यापर्यंत येतो" असं तो म्हणाला, त्याला मी ठाम नाही म्हटलं. या वाटेवर लोखंडी शिड्या आहेत. मनात नसलेला माणूस शिडीखाली थांबला, की वरच्याचं लक्ष घड्याळात आणि खालच्याचा जीव टांगणीला. त्यापेक्षा त्याने तलावाकाठी पुस्तक घेऊन बसावं, मी गावातला वाटाड्या घेऊन जाते. शनिवार-रविवारी शिड्यांवर रांगा लागतात, वेळेचा अंदाजच चुकतो, म्हणून चढाई मंगळवारी. तीही पहिल्याच सकाळी. शेवटच्या दिवशी ठेवली तर दुखऱ्या पायांनी ठाण्यापर्यंत गाडी चालवावी लागेल.

गजराचं असं ठरलं: फोन व्हायब्रेटवर माझ्या उशीखाली, कपडे-बूट रात्रीच बाथरूममध्ये. डोंगरात रेंजचा भरवसा नाही. त्यामुळे दीडपर्यंत मी आले नाही, तर त्याने बारीत वाटाड्याच्या घरी चौकशी करायची. ही वेळ दोघांनी लिहून ठेवली. नाहीतर अकरापासूनच तो येरझाऱ्या घालत बसेल आणि त्याच्या आरामाचं मातेरं होईल.

दुसरा दिवस दोघांचा: उशिरा उठून रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर. गाडी थेट देवळापर्यंत जाते, दगडावरचं कोरीवकाम निवांत बघता येतं, आणि समोरच रतनगड दिसतो. तिथे त्याला चालावं लागत नाही आणि मला डोंगर मिळतो.

खोली तलावाच्या बाजूचीच हवी, थोडी महाग पडली तरी. दिवसभर तिथे तोच असणार आहे. उद्या सकाळी फोन करून तेवढं पक्कं करते.