लवकर बरी हो, अरबीत

आमची येमेनी मैत्रीण टायफॉइडने दवाखान्यात आहे. बडोद्यात शिकायला आली, दांडिया बाजारात आमच्या वरच्या खोलीत राहते. सध्या तिच्या जवळ तिच्या भाषेतलं कुणीच नाही, म्हणून आज मी मराठीत चार ओळी लिहिल्या आणि शेजारच्या चाचांकडून अरबी करून घेतल्या. ते बरीच वर्षं मस्कतला नोकरीला होते.

माझी पहिली ओळ होती, "लवकर बरी हो." चाचा म्हणाले, "बेटा, हा हुकूम झाला. बरं होणं तिच्या हातात कुठंय?" अरबीत ते देवाकडे मागतात: "शफाकिल्लाह." शब्दशः 'देवाने तुला बरं केलं'. क्रियापद भूतकाळाचं, अर्थ मात्र 'बरं करो' असा. मागणं झालेल्या गोष्टीसारखं बोलायचं, हे मला फार आवडलं. आणि त्यातला 'कि' बाईसाठी. पुरुषाला 'शफाकल्लाह' म्हणायचं.

"काळजी करू नकोस"च्या जागी त्यांनी "अल्फ सलामा अलैकि" घातलं, म्हणजे तुला हजारदा सुखरूपता. "डॉक्टरांचं ऐक, सलाइन ओढून काढू नकोस" याआधी त्यांनी "अर्जूकि", 'विनवते तुला', जोडलं. मऊ भाताची ओळ जशीच्या तशी गेली.

मी देवनागरीत उतरवून घेतलं आणि संध्याकाळी तिच्या उशाशी बसून वाचलं. माझे उच्चार तिने दोनदा सुधारले, मग म्हणाली, "अल्लाह यिसल्लिमिक." 'सलामा'ला हेच उत्तर देतात, असं चाचांनी आधीच शिकवलं होतं. ताप अजून १०१ आहे. उद्या भात घेऊन जाते.