लॉगमधली ती एक ओळ

डॅशबोर्ड आमचाच, फ्लास्कमध्ये लिहिलेला. क्लाउड सर्व्हरवर डॉकरच्या कंटेनरमध्ये गनिकॉर्न त्याला चालवायचं, पोर्ट 8000 वर. पानावर रोजच्या ऑर्डरी, थकबाकी आणि शेवटच्या पन्नास ग्राहकांची नावं-फोन नंबर. चाचणी संपली, आता बाकीच्यांनाही तो द्यायचा होता, म्हणून कुलूप लावायचं काम माझ्याकडे आलं.

काम सरळ होतं. पुढे एनजिनएक्स बसवला, सर्टबॉटने लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट घेतलं आणि `htpasswd`ने युजर-पासवर्डची फाइल बनवली. पासवर्ड विचारणाऱ्या या साध्या पद्धतीत पासवर्ड नुसता बेस64 करून पाठवला जातो, म्हणजे उघडाच. त्यामुळे एचटीटीपीएसशिवाय तिला काही अर्थ नाही, म्हणून 80 वरून येणाऱ्याला थेट 443 वर पाठवलं. मशीनच्या `ufw` फायरवॉलमध्ये 22, 80 आणि 443 एवढेच पोर्ट उघडे ठेवले. ब्राउझर पासवर्ड मागत होता, चुकीचा दिला तर 401. मी खुशीत घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहज कंटेनरचा लॉग उघडला. एनजिनएक्स त्याच मशीनवर असल्यामुळे त्याच्याकडून आलेली प्रत्येक विनंती कंटेनरला डॉकर नेटवर्कच्या गेटवेकडून, म्हणजे 172.18.0.1 वरून आल्यासारखी दिसते. समोर दिसणाऱ्या सगळ्या ओळी तशाच होत्या. मध्येच तीन ओळी मात्र एका बाहेरच्या पत्त्यावरून आलेल्या. दोन `/.env` आणि `/wp-login.php` मागणाऱ्या, दोन्हींना 404. तिसरीत `GET /`, आणि त्यापुढे 200.

एनजिनएक्सच्या लॉगमध्ये तो पत्ता शोधला. नव्हताच. म्हणजे पाहुणा दारातून आलाच नव्हता. ऑफिसचं वायफाय बंद करून मोबाइलच्या नेटवरून हे चालवलं (पत्ता इथे उदाहरणादाखल आहे):

```
curl -I http://203.0.113.10:8000
```

उत्तर: 200. पासवर्ड नाही, एन्क्रिप्शनही नाही.

पण `ufw`मध्ये तर 8000 बंद होता! `ufw status` मी तीनदा वाचलं. शेजारच्या सीनियर बाईंना बोलावलं. त्यांनी माझ्या स्क्रीनकडे बघून एवढंच विचारलं, "पोर्ट डॉकरने उघडलाय ना?"

गोम तिथेच होती. कंपोज फाइलमध्ये `"8000:8000"` लिहिलं, की डॉकर मशीनच्या सगळ्या पत्त्यांवर तो पोर्ट उघडतो आणि त्यासाठी स्वतःचे `iptables` नियम घालतो. येणारं पॅकेट सुरुवातीलाच कंटेनरच्या पत्त्याकडे वळवलं जातं. मग ते मशीनसाठी आलेलं पॅकेट राहत नाही, पुढे पाठवायचं पॅकेट होतं. `ufw`चे माझे नियम मशीनसाठी आलेल्या पॅकेटांना लागू होते, त्यामुळे हे पॅकेट त्यांच्यासमोर कधी आलंच नाही. `ufw status` खोटं बोलत नव्हतं, ते फक्त दुसऱ्या वाटेबद्दल सांगत होतं. मशीनच्या बाहेर क्लाउडचा फायरवॉल होता, त्याने हे अडवलं असतं. पण चाचणीच्या पहिल्या दिवशी तिथे 8000 मीच उघडला होता आणि विसरलो होतो.

दुरुस्ती एका ओळीची:

```
ports:
  - "127.0.0.1:8000:8000"
```

आता पोर्ट फक्त मशीनच्या आतून दिसणार, एनजिनएक्सला तेवढं पुरतं. नुसतं रीस्टार्ट करून हा बदल लागू होत नाही, `docker compose up -d` करून कंटेनर नव्याने बनवावा लागतो. मी ते टाइप करून एंटर दाबणार, तोच बाई म्हणाल्या, "थांब. आधी लॉग काढून घे."

कंटेनर नव्याने बनला की जुना कंटेनर जातो, आणि त्याच्याबरोबर त्याचा लॉगही. आमचा लॉग दुसरीकडे कुठे साठत नव्हता. म्हणजे ती तिसरी ओळ, आमचा एकुलता एक पुरावा, दुरुस्तीच्या घाईत मीच पुसून टाकली असती. तोवर क्लाउडच्या फायरवॉलमध्ये 8000 बंद करून गळती थांबवली, `docker logs`चं सगळं आउटपुट फाइलमध्ये घेतलं आणि मग कंटेनर बदलला. नुसत्या बाहेरच्या फायरवॉलमुळे पोर्ट बंद दिसतोय की आतूनही बंद आहे, हे कळायला `ss -tln` पाहिलं. `0.0.0.0:8000`च्या जागी `127.0.0.1:8000` आलं होतं.

मग ती फाइल घेऊन बसलो. आठवडाभरात बाहेरच्या पत्त्यांवरून बऱ्याच विनंत्या आल्या होत्या, बहुतेक 404 वाल्या, आपोआप पोर्ट चाचपत फिरणाऱ्या स्कॅनरच्या. डेटा फाइल म्हणून देणारं `/export.csv` कुणी मागितलं नव्हतं. पण गनिकॉर्न स्टेटसच्या पुढे पाठवलेल्या बाइटही लिहितो, आणि त्या 200 पुढचा आकडा आमच्या पूर्ण पानाएवढाच होता. पान अर्ध्यात तुटलं असेल ही माझी शेवटची आशा तिथे संपली. पन्नास नावं आणि पन्नास फोन नंबर कुणाकडे तरी पोहोचले होते. मी फाइल घेऊन साहेबांच्या केबिनकडे निघालो.