माझा अनुभव: इंडिकेटरवरचे दोन S

मध्य रेल्वेवर नवख्या माणसाला सगळ्यात जास्त फसवतं ते S हे अक्षर. मला त्याचा अजूनही राग येतो, कारण एकाच इंडिकेटरवर त्याचे दोन अर्थ होतात. ठिकाणाच्या जागी S असेल तर गाडी कर्जतची. त्याच्या शेजारच्या जागी असेल तर गाडी स्लो. म्हणजे ‘S F’ ही कर्जत फास्ट आणि ‘T S’ ही ठाणे स्लो. कसाऱ्याचं N, कल्याणचं K, बदलापूरचं BL, त्यांत गोंधळ नाही. म्हणून आधी ठिकाण वाचायचं, मग दुसरं अक्षर, आणि एकटा S दिसला म्हणून धावत सुटायचं नाही. जिथे इंडिकेटरवर गावाचं पूर्ण नाव येतं तिथे प्रश्नच मिटतो, पण गाडीच्या कपाळावर अनेकदा अक्षरंच असतात.

समजा दादरहून नाहूरला जायचंय आणि ‘S F’ला स्लो समजून चढलात. माटुंगा न थांबता मागे पडलं की चूक कळते. पाठोपाठ शीवही जातं आणि गाडी थेट कुर्ल्याला थांबते. तिथेच उतरा आणि ठाण्याच्या दिशेची स्लो पकडा. गर्दीत उतरता आलं नाही तर विद्याविहार सुटतं, पण घाटकोपर मिळतं. पुढे कांजूरमार्ग आणि नाहूर फास्टला नाहीत. विक्रोळी आणि भांडुपला काहीच फास्ट थांबतात, त्यामुळे त्यांच्या भरवशावर राहू नका. नंतर मुलुंड. तिथून सीएसएमटीकडे जाणारी स्लो घेतली की पहिलंच स्टेशन नाहूर. मुद्दाम असं जाणारेही असतात, पण मग तिकीट मुलुंडपर्यंतचं हवं. नाहूरच्या तिकिटावर मुलुंडला उतरलात तर तपासनीस दंड करू शकतो.

दादरच्या अलीकडचं राहिलं. सीएसएमटीहून सुटलेली फास्ट भायखळा घेते. मशीद, सँडहर्स्ट रोड, चिंचपोकळी, करी रोड आणि परळ सोडते.

‘काही गाड्या थांबतात’ हा प्रकार ठाण्यापुढे दिव्यालाही आहे. कळवा, मुंब्रा, कोपर, ठाकुर्लीला जायचं असेल तर सरळ स्लो बघा. गाडी नेमकी कुठे थांबणार नाही हे इंडिकेटरच्या खालच्या सरकत्या ओळीत येतं. ती ओळ संथ सरकते आणि आपलं स्टेशन येईपर्यंत गाडी फलाटाला लागते, म्हणून गाडी यायच्या आधीच वाचायला उभं राहा. गाडी उशिरा असेल तर घोषणेकडेही कान हवा, कारण फलाट आयत्या वेळी बदलतो.

कल्याणपलीकडे मात्र F पाहून घाबरू नका. तिथून कर्जत आणि कसारा दोन्ही बाजूंना फास्टही साधारण प्रत्येक स्टेशन घेते, त्यामुळे शेलू किंवा खडवलीला जाणाऱ्याने फक्त पहिलं अक्षर नीट वाचावं: शेलूसाठी S, खडवलीसाठी N.