‘बेल्लिस्सिमो’ म्हणजे ‘अत्यंत सुंदर’ नव्हे

“इटालियन मजकुरात ओळीओळीला इस्सिमो, मोल्तो, सुपर असतं. सगळं मराठीत आणलं तर भाटानं स्तुती गायल्यासारखं वाटतं, सोडून दिलं तर काहीतरी चोरल्यासारखं वाटतं. मग करायचं काय?”

आधी ‘अत्यंत’ आणि ‘अतिशय’ हे दोन शब्द जरा लांब ठेवा. अतिशयोक्तीची निम्मी तक्रार तेवढ्यानं मिटते.

इस्सिमो हा विशेषणाचा जोर वाढवणारा, बोलण्यातला प्रत्यय आहे. बाजारात, फोनवर, आजीच्या तोंडी, शाळकरी पोराच्या निरोपात तो सारखा येतो. विशेषणाचा शेवटचा स्वर काढून तो जोडला जातो आणि विशेषणासारखाच लिंग-वचनानुसार बदलतो: बेल्लो, बेल्लिस्सिमो, बेल्लिस्सिमा, बेल्लिस्सिमी. शब्द एकच राहतो, आघात ‘इस्’वर पडतो आणि वाक्य पुढे सरकतं. मराठीत त्याच जागी आपण वेगळा शब्द घालतो, तोही अर्ज, अहवाल आणि शोकसभेतल्या भाषणातला. ‘अत्यंत सुंदर घर’ वाचताना घराची सुंदरता वाढत नाही, बोलणाऱ्यानं एकाएकी शेरवानी चढवल्यासारखं मात्र वाटतं. वाचक त्यालाच अतिशयोक्ती म्हणतो. अर्थाची मात्रा बरोबर असते, भाषेचा थर चुकलेला असतो.

‘अति’चं दुखणं वेगळं. मराठीत अतिशहाणा हा शहाणा नसतो. म्हणून कुणाचं मनापासून कौतुक करणाऱ्या ‘इन्तेल्लिजेन्तिस्सिमो’ला ‘अतिहुशार’ केलं, की कौतुकाचा टोमणा होतो. ‘भलताच हुशार’मध्येही हुशारी जरा जास्तच झाल्याची कुरकुर असते. ‘फार हुशार’ किंवा ‘चांगलाच हुशार’ तिथे सरळ बसतं.

दुसरी चूक शाळेतल्या व्याकरणातून येते. सुपरलेटिव्ह म्हणजे ‘तम’ किंवा ‘सर्वांत’ असं आपण पाठ केलेलं असतं. इटालियन व्याकरण मात्र दोन प्रकार मानतं. ‘इल प्यू बेल्लो’ म्हणजे सगळ्यांत सुंदर. इथे इतरांशी तुलना आहे. ‘बेल्लिस्सिमो’ आणि ‘मोल्तो बेल्लो’ दुसऱ्या प्रकारातले, तुलनेशिवायचे: गोष्ट खूप सुंदर आहे, इतकंच. ‘ऊना बेल्लिस्सिमा चित्ता’चं ‘सर्वांत सुंदर शहर’ केलं, तर लेखकानं न केलेला दावा त्याच्या माथी मारला जातो. प्रवासवर्णनात तर एकाच पानावर तीन शहरं सर्वांत सुंदर होऊन बसतात. ही शैलीची नव्हे, अर्थाची चूक आहे, आणि ती शोधणं सोपं आहे: अनुवादात ‘सर्वांत’ दिसला की मुळात ‘प्यू’ आहे का ते पाहा.

आता प्रत्यक्ष मजकूर घेऊ. सुट्टीवर गेलेल्या कुणीतरी मैत्रिणीला लिहिलेलं साधं पत्र आहे असं समजा. त्यात ओळीनं हे शब्द येतात: मैत्रीण ‘कारिस्सिमा’, पोचलो ‘तार्दिस्सिमो’, म्हणजे उशिरा, होतो ‘स्तांकिस्सिमी’, म्हणजे दमलेले, घर ‘पिक्कोलिस्सिमा’ पण ‘बेल्लिस्सिमा’, समुद्राचं पाणी ‘फ्रेद्दिस्सिमा’, जेवलो ‘बेनिस्सिमो’, खर्च ‘पोकिस्सिमो’, घरमालक ‘जेन्तिलिस्सिमो’, आणि शेवटी, तुझी आठवण ‘मोल्तिस्सिमो’ येते. दहा वेळा इस्सिमो, तरीही इटालियन वाचकाला हे पत्र भडक वाटत नाही.

शब्दाला शब्द ठेवला तर असं होतं: “अतिशय प्रिय ज्युलिया, आम्ही खूप उशिरा आणि अत्यंत थकून पोचलो. घर खूपच लहान पण अतिशय सुंदर आहे. पाणी अत्यंत थंड आहे. आम्ही अतिशय छान जेवलो आणि खूपच कमी खर्च केला. घरमालक अत्यंत सौजन्यशील आहेत. मला तुझी खूप खूप आठवण येते.” व्याकरणात खोट नाही, पण असं पत्र मराठीत कुणी कुणाला लिहीत नाही.

प्रत्येक इस्सिमोला एकच प्रश्न विचारायचा: हा काढला तर वस्तुस्थिती बदलते का? ‘कारिस्सिमा’ काढल्यानं काहीच बदलत नाही. ती मायन्यातली रीत आहे, आपल्याकडे ‘तीर्थरूप’मधलं तीर्थ जसं कुणी मोजत नाही तशी. ‘प्रिय’ पुरतं. ‘बेल्लिस्सिमा’ही इथे पसंतीची पावती आहे, ‘लहान पण’च्या पाठोपाठ नुसतं ‘सुंदर’ आलं तरी त्याला वजन येतं. पाणी किती गार, घर किती लहान, खर्च किती कमी, हे मात्र गाळून चालणार नाही. तिथे मात्रा राखायची, पण ‘अत्यंत’सारख्या शब्दानं नव्हे. विशेषणातच, क्रियापदात किंवा बोलीतल्या एखाद्या छोट्या शब्दात.

मराठीकडे यासाठी भरपूर सामान आहे आणि अनुवाद करताना आपण नेमकं तेच विसरतो. ‘पिक्कोलिस्सिमा’ला ‘एवढंसं’ किंवा ‘इवलंसं’. ‘स्तांकिस्सिमी’ला ‘पार दमलेलो’. उशिराला ‘चांगलाच उशीर’. थोड्याला ‘अगदीच थोडे’. माणसाच्या स्वभावाला ‘मोठा’ हे विशेषणच पुरतं: मोठा गमतीदार, मोठा प्रेमळ. मग पत्र असं होतं:

“प्रिय ज्युलिया, काल पोचायला चांगलाच उशीर झाला, पार दमलो होतो. घर एवढंसं आहे, पण सुंदर. समुद्राचं पाणी इतकं गार की पाय घालवत नाही. जेवण मस्त झालं आणि पैसे अगदीच थोडे लागले. घरमालक मोठा अगत्यशील माणूस आहे. तुझी फार आठवण येते.”

‘फार’ फक्त एकदा आलं आणि ते शेवटच्या वाक्यासाठी राखलं, कारण पत्रातला खरा इस्सिमो तोच आहे. आधी चार वेळा वापरलं असतं तर तिथे पोचेपर्यंत त्यातला जोर संपला असता.

‘फ्रेद्दिस्सिमा’ला ‘थंडगार’ का नाही, असं लगेच कुणी विचारेल. मराठीतले हे जोडशब्द मात्रेबरोबर मतही सांगतात. थंडगार पाणी सुखाचं असतं. उन्हातून आल्यावर माठातलं. इथल्या पाण्याची तक्रार आहे. तसंच ‘काल्दिस्सिमो’चं: सूप असेल तर गरमागरम, भांडं असेल तर चटका बसेल इतकं तापलेलं, दुपार असेल तर रणरणती. ‘ब्यांकिस्सिमो’ चादर पांढरीशुभ्र, पण घाबरलेला चेहरा पांढराफटक. ओठ लालचुटूक असतात. लालभडक म्हटलं की लिपस्टिक जास्त झाल्याचा शेरा येतो. म्हणून मूळ वाक्यात बोलणारा खूश आहे की वैतागलेला, हे ठरल्याशिवाय जोडशब्द निवडू नये. चुकीचा जोडशब्द ‘अत्यंत’पेक्षा जास्त नुकसान करतो, कारण तो ओघात लपून जातो.

इटालियनलाही असे ठरलेले जोड आहेत आणि तिथे तर काम फारच सोपं. ‘बान्यातो फ्रादिचो’ म्हणजे ओलाचिंब, ‘नुओवो दि झेक्का’ म्हणजे नवाकोरा (झेक्का म्हणजे टांकसाळ), ‘बुइओ पेस्तो’ म्हणजे मिट्ट काळोख, ‘प्येनो झेप्पो’ म्हणजे खचाखच भरलेला.

‘मोल्तो’कडे वळताना आधी त्याचं काम बघा. विशेषणाआधी आला तर तो बदलत नाही आणि त्याचा अर्थ ‘खूप’ किंवा ‘फार’. नामाआधी आला तर मोल्ता, मोल्ती, मोल्ते असा बदलतो आणि संख्या किंवा प्रमाण सांगतो. ‘मोल्ती आन्नी’ला ‘खूप वर्षं’ म्हणण्यापेक्षा ‘बरीच वर्षं’ शांत वाटतं आणि बहुतेक वेळा तेच खरं असतं. नकारात तर मराठीनं सोयच करून ठेवली आहे: ‘नोन ओ मोल्तो तेम्पो’ म्हणजे ‘माझ्याकडे फारसा वेळ नाही’. हा ‘फारसा’ नकाराशिवाय सहसा येतच नाही. ‘नोन ए बेल्लिस्सिमो’ म्हणजेही ‘अत्यंत सुंदर नाही’ असं मोजमाप नव्हे. बोलणारा सभ्यपणे ‘काही खास नाही’ म्हणतोय.

तत्सम शब्दांना पूर्ण बंदी नाही. इटालियनमध्ये इस्सिमोऐवजी ‘एर्रिमो’ घेणारे मोजके विशेषण आहेत, लॅटिनमधून आलेले आणि पुस्तकी वळणाचे. ‘चेलेबेर्रिमो’ला सुप्रसिद्ध किंवा ख्यातनाम, ‘इन्तेजेर्रिमो’ न्यायाधीशाला निष्कलंक चारित्र्याचा, हे थराला थर जुळणारं आहे. ‘आचेर्रिमो’ शत्रूला मात्र कट्टर शत्रू किंवा हाडवैरी म्हणावं, तिथे बोली मराठीच जास्त धारदार आहे. ‘बुओनो’ची दोन रूपंही अशीच वाटून घ्यावीत: ताटातल्या पदार्थाला ‘बुओनिस्सिमो’ म्हणतात तिथे ‘मस्त’, ‘चवदार’, ‘ओत्तिमो’ असेल तिथे ‘उत्तम’.

‘सुपर’ तरुणांच्या बोलण्यात येतो आणि शहरी मराठी तरुणही तो सर्रास म्हणतो, तेव्हा पात्र तसं असेल तर तसाच ठेवा किंवा ‘जाम’, ‘लय’ यांतलं त्याच्या गावाला शोभेल ते घ्या. मात्र ठरलेल्या शब्दांतला सुपर उचकटू नका. ‘सुपेरआल्कोलिची’ म्हणजे 21 टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असलेली मद्यं, ग्राप्पासारखी. त्यात कौतुक काही नाही.

एका जागी मात्र चढती पायरी जपावीच लागते: लेखक स्वतःच ती मांडतो तेव्हा. ‘ए पिक्कोला, आन्झी पिक्कोलिस्सिमा’ यातला ‘आन्झी’ म्हणजे आपण म्हटलेलं मागे घेऊन पुढची पायरी चढणं. ‘लहान आहे, किंबहुना अत्यंत लहान आहे’ हे निबंधाचं मराठी झालं. ‘लहान आहे. लहान कसली, एवढीशी आहे.’ तसंच एखादं पात्र उठताबसता इस्सिमो म्हणणारं असेल, तर ती त्याची लकब आहे. तिथे वाटून, विरघळवून चालणार नाही. त्याला मराठीतली एकच लकब द्या, ‘भयंकर’ किंवा ‘कमालीचा’, आणि ती शेवटपर्यंत त्याच्याच तोंडी ठेवा. त्याला चहा भयंकर आवडेल, पाऊस भयंकर आवडेल, आणि शेजारच्या पात्राला तो शब्द चुकूनही देऊ नका.